फाशीची शिक्षा सुनावल्यानंतर: सत्र न्यायालयापासून राष्ट्रपतींकडच्या दयेच्या अर्जापर्यंत

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठा मथळा येतो आणि बहुतेकांना वाटते की खटला संपला. कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी एक प्रस्ताव तयार झालेला असतो. उच्च न्यायालयाने शिक्षा कायम करेपर्यंत ती अमलात आणताच येत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, दयेचा अर्ज आणि फाशीची तारीख ठरवणारे वॉरंट असे टप्पे येतात. प्रत्येक टप्प्याची मुदत वेगळी, कागद वेगळे आणि कागद अडकण्याची जागाही वेगळी. कैद्याचे नातेवाईक, पीडितेचे कुटुंब, नव्याने असे प्रकरण हाती घेतलेले वकील आणि बातमीदार यांना हा रस्ता क्रमाने कळावा म्हणून हा लेख आहे.

उदाहरणासाठी पुण्याचे एक प्रकरण घेऊ. नोव्हेंबर २००७ मध्ये बीपीओत काम करणाऱ्या एका तरुणीवर कामावर नेणाऱ्या गाडीतच अत्याचार झाला आणि तिचा खून झाला. गाडीचा चालक आणि त्याचा साथीदार अशा दोघांना पुणे सत्र न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१२ मध्ये ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये अपील फेटाळले. राज्यपाल आणि राष्ट्रपती, दोघांनीही दया नाकारली. तरीही फाशी झाली नाही. ती का झाली नाही हे समजले की दयेच्या अर्जाची सगळी यंत्रणा समजते, म्हणून या प्रकरणाच्या तारखांकडे पुन्हा येऊ.

कायद्याबद्दल एक खुलासा आधीच करतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. खाली दिलेली कलमे नव्या संहितेची आहेत. त्या तारखेला प्रलंबित असलेले खटले आणि अपिले मात्र जुन्या संहितेप्रमाणे चालतात, त्यामुळे जुन्या निकालपत्रांत ३६६, ३६८ असे कलम-क्रमांक दिसले तर गोंधळू नये. मजकूर बराचसा तोच आहे. अपवाद दयेच्या अर्जाचा: त्यावरचे कलम ४७२ पूर्णपणे नवे आहे.

सत्र न्यायालय: दोषी ठरवणे आणि शिक्षा ठरवणे

ही दोन वेगळी कामे आहेत. आरोपी दोषी ठरल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर त्याचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे लागते (कलम २५८). फाशी द्यायची असेल तर न्यायाधीशाने त्याची विशेष कारणे लिहावी लागतात (कलम ३९३). १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून कसोटी 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणाची आहे. गुन्हा किती क्रूर होता एवढेच पाहून भागत नाही. गुन्हेगार कोण आहे, त्याचे वय, घरची परिस्थिती, मानसिक अवस्था, सुधारण्याची शक्यता हेही तोलावे लागते, आणि जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे बाद झाला आहे असे दिसले तरच फाशी देता येते.

प्रत्यक्षात सर्वांत मोठी चूक याच ठिकाणी होते. दोषसिद्धीनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शिक्षेवर सुनावणी उरकली जाते. बचावाचा वकील उभा राहून सांगतो की आरोपी तरुण आहे, गरीब आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत. हे सगळे एका परिच्छेदात नोंदले जाते आणि पुढच्या परिच्छेदात फाशी येते. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट पद्धत घालून दिली. सरकारने आरोपीची मानसशास्त्रीय तपासणी आणि त्याच्या कौटुंबिक, शैक्षणिक, आर्थिक पार्श्वभूमीची माहिती न्यायालयापुढे ठेवायची. कारागृहातील वर्तणुकीचा अहवाल मागवायचा. आरोपीलाही उत्तरादाखल पुरावा देण्याची संधी द्यायची.

म्हणून बचावाच्या वकिलाने दोषसिद्धीच्या दिवशीच या अहवालांसाठी लेखी अर्ज द्यावा आणि शिक्षेच्या सुनावणीसाठी पुढची तारीख मागावी. अर्ज फेटाळला गेला तरी तो नोंदीवर राहतो आणि वरच्या न्यायालयात उपयोगी पडतो. नातेवाइकांनी शाळेचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा, पूर्वीच्या उपचारांची कागदपत्रे याच वेळी शोधून काढावीत. वयाचा पुरावा तर सर्वांत आधी, कारण गुन्ह्याच्या दिवशी आरोपी १८ वर्षांखालील असेल तर त्याला फाशी देताच येत नाही आणि हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो.

निकालाच्या दिवशी दोषीला निकालपत्राची प्रत मोफत मिळते, आणि अपिलाची मुदत किती हेही न्यायाधीशाने त्याला सांगायचे असते. फाशीच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस आहेत. इतर शिक्षांना ६० दिवस असतात, म्हणून हा आकडा हमखास चुकतो.

उच्च न्यायालयाकडून शिक्कामोर्तब

सत्र न्यायालयाने खटल्याची सगळी कागदपत्रे ताबडतोब उच्च न्यायालयाकडे पाठवायची असतात (कलम ४०७). तिथे 'कन्फर्मेशन केस' म्हणून स्वतंत्र क्रमांक पडतो. कैद्याने अपील केले नाही तरी ही सुनावणी होतेच. अपील केले तर दोन्ही एकत्र चालतात. तरीही अपील करायलाच हवे, कारण कन्फर्मेशन केस शिक्षेच्या शिक्कामोर्तबासाठी सरकारकडून उभी राहते, तर अपिलातले मुद्दे कैद्याचे स्वतःचे असतात. अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा अपिलाचा निकाल लागेपर्यंत उच्च न्यायालय शिक्षा कायम करू शकत नाही.

प्रकरण कुठे जाईल ते सत्र न्यायालयाच्या जिल्ह्यावरून ठरते. विदर्भाचे नागपूर खंडपीठाकडे, मराठवाड्याचे औरंगाबाद खंडपीठाकडे, पणजी-मडगावचे गोव्यातील खंडपीठाकडे. पुण्याचे मुंबईत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला फिरते खंडपीठ सुरू झाल्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांची मुंबईवारी वाचली आहे.

इथल्या सुनावणीचे स्वरूप नेहमीच्या अपिलापेक्षा वेगळे आहे. दोन न्यायमूर्तींचे पीठ सगळा पुरावा नव्याने तपासते. खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष पटतो का, एवढेच न पाहता आपल्याला स्वतःला या पुराव्यावरून गुन्हा सिद्ध झालेला दिसतो का, हे त्यांनी ठरवायचे असते. गरज वाटली तर ते आणखी चौकशी करू शकतात किंवा नवा पुरावा घेऊ शकतात. शेवटी त्यांच्यापुढे अनेक पर्याय असतात: फाशी कायम करणे, जन्मठेपेसारखी दुसरी शिक्षा देणे, दुसऱ्या गुन्ह्याखाली दोषी ठरवणे, फेरखटल्याचा आदेश देणे किंवा निर्दोष सोडणे (कलम ४०९). शिक्कामोर्तबाच्या आदेशावर किमान दोघांच्या सह्या लागतात. दोघांचे मत जुळले नाही तर प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींपुढे जाते.

निर्दोष सोडण्याचा पर्याय नुसता कागदावरचा नाही. मुंबईच्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी सुनावली होती. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने ती कायम करण्यास नकार दिला आणि सर्व १२ आरोपींना निर्दोष ठरवले. फाशी सुनावलेल्या पाचांपैकी एक जण तोपर्यंत तुरुंगातच वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने नंतर काही दिवसांतच हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. पुण्याच्या प्रकरणात शिक्कामोर्तबाला सहा महिने लागले, इथे जवळपास दहा वर्षे. फरक खटल्याच्या आकाराचा असतो, तसाच पेपरबुक तयार होण्याच्या वेगाचाही असतो.

हे पेपरबुक म्हणजे साक्षी, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, निकालपत्र यांचा छापील संच. आपल्याकडे साक्षी बहुधा मराठीत नोंदल्या जातात आणि उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून सगळ्याचे भाषांतर होते. वकिलाने हे भाषांतर मूळ मराठी साक्षीशी ओळीने ताडून पाहिले पाहिजे. 'तो तिथे उभा होता' आणि 'तो तिथे उभा असल्यासारखा दिसला' यातला फरक भाषांतरात पुसला गेला तर ओळख पटवण्याचा सगळा मुद्दाच हातचा जातो. चूक सापडली की लगेच अर्ज करून दुरुस्ती मागावी. हेच पेपरबुक पुढे दिल्लीला जाते आणि तिथे मूळ मराठी वाचणारे कुणी असेलच असे नाही.

फाशी आणि साधी जन्मठेप यांच्या मधला एक पर्यायही उच्च न्यायालयाकडे आहे. डिसेंबर २०१५ च्या श्रीहरन निकालाप्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालय ठरावीक वर्षांची, माफी किंवा सूट नसलेली कैद देऊ शकते, उदाहरणार्थ २५, ३० किंवा ३५ वर्षे. सत्र न्यायालयाला हा अधिकार नाही.

सर्वोच्च न्यायालय

उच्च न्यायालयाने फाशी कायम केली की सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका दाखल करायला ६० दिवस असतात. उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका उलटवून स्वतः फाशी दिली असेल तर अनुमतीची गरज नाही, घटनेच्या १३४ व्या अनुच्छेदाप्रमाणे अपील हा हक्कच आहे. वकील नसेल तर कारागृह अधीक्षकांमार्फत आणि विधी सेवा समितीमार्फत याचिका जाते. ही मदत मोफत असते आणि ती मागायला कैद्याची एक सही पुरते. ती वेळेवर मागितली जात नाही, कारण अनेक कुटुंबे कुणा ओळखीच्या वकिलाच्या शोधात महिना घालवतात. आधी विधी सेवेचा अर्ज द्यावा, वकील नंतर बदलता येतो.

फाशीची अपिले तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे चालतात. अशी याचिका कारण न देता पहिल्याच दिवशी एका ओळीत फेटाळू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, बाबासाहेब मारुती कांबळे खटल्यात, सांगितले आहे.

अपील फेटाळले गेले तर ३० दिवसांत फेरविचार याचिका करता येते. एरवी फेरविचार बंद दालनात, वकिलाला न ऐकता निकालात निघतो. फाशीच्या प्रकरणांत मात्र सप्टेंबर २०१४ च्या मोहम्मद आरिफ निकालापासून खुल्या न्यायालयात सुनावणी मिळते. त्यानंतर क्युरेटिव्ह याचिका उरते. तिला ज्येष्ठ वकिलाचे प्रमाणपत्र लागते आणि ती सहसा दालनातच, तीन सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती व मूळ निकाल देणारे न्यायमूर्ती यांच्यापुढे फिरते. तिथे यश मिळणे फार विरळा.

दयेचा अर्ज: मुदत

राज्यपाल (अनुच्छेद १६१) आणि राष्ट्रपती (अनुच्छेद ७२) यांचा दयेचा अधिकार घटनेतून येतो. तो आणखी एक अपील नव्हे. निकाल कायदेशीर असला, पुरावा पुरेसा असला तरी दया देता येते. राज्यपाल राज्य मंत्रिमंडळाच्या आणि राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय घेतात, म्हणजे खरी छाननी गृह खात्यात होते.

कलम ४७२ ने मुदती अशा घातल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने अपील किंवा फेरविचार फेटाळल्याचे कारागृह अधीक्षकांनी कैद्याला कळवले, त्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. सर्वोच्च न्यायालयात गेलेच नसाल तर शिक्कामोर्तब झाल्याचे आणि तिथे जाण्याची मुदत संपल्याचे कळवल्यापासून ३० दिवस. आधी राज्यपालांकडे गेला असाल आणि त्यांनी अर्ज नाकारला तर राष्ट्रपतींकडे ६० दिवसांत. कैदी स्वतः, त्याचा कायदेशीर वारस किंवा कोणताही नातेवाईक अर्ज करू शकतो.

या कलमात दोन फसण्यासारख्या जागा आहेत. पहिली, क्युरेटिव्ह याचिकेचा त्यात उल्लेख नाही. तिच्या निकालाची वाट पाहत ३० दिवस जाऊ देणे धोक्याचे आहे, दयेचा अर्ज मुदतीत द्यावा आणि क्युरेटिव्ह प्रलंबित असल्याचे त्यातच लिहावे. दुसरी, मुदत निकालाच्या तारखेपासून नव्हे तर अधीक्षकांनी कळवल्यापासून मोजली जाते. कळवल्याची लेखी नोंद, तारीख आणि कैद्याची सही असलेली प्रत मागून ठेवावी. पुढे वाद झाला तर हा एकच कागद कामाला येतो.

एका खटल्यात अनेक दोषी असतील तर अधीक्षकांनी सगळ्यांचे अर्ज ६० दिवसांत येतील हे पाहायचे. एखाद्याने अर्ज दिलाच नाही तर त्याचीही माहिती बाकीच्यांच्या अर्जासोबत पाठवायची, आणि सगळ्यांचा निर्णय एकत्र व्हावा असे कलम सांगते. ही तरतूद दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक अत्याचार प्रकरणाच्या अनुभवानंतर आली. तिथे चौघांनी वेगवेगळ्या वेळी अर्ज आणि याचिका केल्या, त्यामुळे २२ जानेवारी, १ फेब्रुवारी आणि ३ मार्च २०२० या तारखा एकामागून एक टळल्या आणि अखेर २० मार्चला फाशी झाली.

आता या कलमातली उणीव. केंद्र सरकारने ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे शिफारस पाठवावी असे त्यात आहे, पण हे ६० दिवस राज्याचे अभिप्राय आणि कागदपत्रे आल्यानंतर सुरू होतात. राज्याने अभिप्राय किती दिवसांत द्यावा, याला मुदतच नाही. राज्यपालांच्या निर्णयाला नाही आणि राष्ट्रपतींच्याही नाही. माझ्या मते घड्याळ सर्वांत चुकीच्या जागी बसवले आहे, कारण महाराष्ट्राच्या अनुभवात वेळ गेला तो नेमका राज्याच्या टेबलांवर.

अर्जात काय लिहावे

सर्वोच्च न्यायालयातले युक्तिवाद जसेच्या तसे उतरवलेला दयेचा अर्ज दुबळा ठरतो. राष्ट्रपती पुराव्याकडे नव्याने पाहू शकतात हे खरे (केहर सिंग, १९८९), पण अर्जाचा भर न्यायालयापुढे न आलेल्या किंवा नंतर घडलेल्या गोष्टींवर हवा. गुन्ह्याच्या वेळचे वय, मानसिक आजार आणि त्याचे वैद्यकीय अहवाल, कारागृहातले शिक्षण व वर्तणूक, एकांतवासात ठेवले असल्यास त्याचा काळ, अवलंबून असलेले कुटुंब, निकालात एखाद्या न्यायमूर्तींनी वेगळे मत दिले असल्यास ते, आणि आधीच झालेला विलंब. प्रत्येक विधानामागे एक कागद जोडावा. 'वर्तणूक चांगली आहे' असे लिहिण्यापेक्षा कारागृहाचा दाखला जोडलेला बरा.

सोबत तिन्ही न्यायालयांच्या निकालपत्रांच्या प्रती आणि मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे द्यावीत. भाषांतर नाही म्हणून फाईल परत येणे ही विलंबाची अगदी नेहमीची वाट आहे. अर्ज अधीक्षकांमार्फत द्यावा आणि आवक क्रमांक व तारीख असलेली पोच घ्यावी. राज्यपाल किंवा राष्ट्रपतींपुढे तोंडी म्हणणे मांडण्याचा हक्क नाही, त्यामुळे जे सांगायचे ते सगळे अर्जातच हवे.

पुण्याच्या प्रकरणात काय घडले

दोघांनी राज्यपालांकडे जुलै २०१५ मध्ये अर्ज केले. ते २९ मार्च २०१६ ला फेटाळले गेले. राष्ट्रपतींकडे जून २०१६ मध्ये अर्ज गेले आणि २६ मे २०१७ ला नाकारले गेले. या काळातला बराच वेळ एका कार्यालयाने दुसऱ्याकडे माहिती मागवण्यात गेला. पूर्वीचे गुन्हे, घरची परिस्थिती, अटकेची तारीख अशी माहिती पोलिस ठाण्यात आणि तुरुंगात आधीपासूनच होती. ती एकदाच, एकाच पत्राने मागवता आली असती.

खरा घोळ त्यानंतर झाला. राष्ट्रपतींचा नकार जून २०१७ मध्ये कैद्यांना कळला. आता सत्र न्यायालयाने वॉरंट काढायचे एवढेच उरले होते. येरवड्याहून न्यायालयाकडे पत्रे गेली, पण वॉरंट निघाले १० एप्रिल २०१९ ला, म्हणजे जवळपास दोन वर्षांनी. फाशीची तारीख ठरली २४ जून २०१९. दोघांनी उच्च न्यायालयात याचिका केली, फाशी तोंडावर असताना तिला स्थगिती मिळाली आणि २९ जुलै २०१९ ला उच्च न्यायालयाने शिक्षा बदलून ३५ वर्षांची कैद केली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून फाशीच्या ठरलेल्या तारखेपर्यंत चार वर्षांहून अधिक काळ गेला होता आणि त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण सरकारकडे नव्हते.

या निर्णयाचा आधार जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात आहे. दयेच्या अर्जावर अवाजवी, स्पष्टीकरण नसलेला आणि कैद्यामुळे न झालेला विलंब हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जीवनाच्या हक्काचा भंग आहे, कारण त्या काळात माणूस रोज मरणाच्या छायेत ठेवला जातो. किती वर्षे म्हणजे अवाजवी, याचा आकडा न्यायालयाने मुद्दामच ठरवला नाही. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणींची फाशीही याच कारणाने जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. तिथे दयेच्या अर्जांवर सुमारे आठ वर्षे गेली होती. इतक्या भीषण गुन्ह्यांतल्या शिक्षा फायलींच्या दिरंगाईने बदलाव्या लागतात, याचे दुःख बळी गेलेल्यांच्या कुटुंबांना किती असेल हे वेगळे सांगायला नको. दोष कैद्याच्या हक्काचा नाही, वेळेत न हललेल्या कागदाचा आहे.

आता पाळायची पद्धत

पुण्याच्या प्रकरणात राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ डिसेंबर २०२४ ला ते अपील फेटाळले गेले, आणि न्यायालयाने सगळ्या राज्यांना पद्धत घालून दिली. गृह किंवा कारागृह खात्यात दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष हवा आणि पत्रव्यवहारासाठी एक अधिकारी नेमलेला हवा. विधी खात्याचा अधिकारी त्या कक्षाशी जोडलेला हवा. अर्ज येताच अधीक्षकांनी त्याची प्रत कक्षाला पाठवायची आणि पोलिसांकडून पूर्वेतिहास, कुटुंब, आर्थिक स्थिती, अटकेची व आरोपपत्राची तारीख ही माहिती तत्काळ मागवायची. पत्रव्यवहार शक्यतो ई-मेलने.

सत्र न्यायालयानेही हातावर हात ठेवून बसायचे नाही. वरच्या न्यायालयाचा आदेश आला की प्रकरण बोर्डावर घ्यायचे आणि अपील, फेरविचार किंवा दयेचा अर्ज प्रलंबित आहे का, अशी विचारणा सरकारी वकिलांना करायची. शिक्षा अंतिम झाली की राज्याने वॉरंटसाठी अर्ज करायचा. वॉरंट काढण्याआधी कैद्याला नोटीस द्यायची, वकील नसेल तर विधी सेवेतून द्यायचा. कैद्याला वॉरंटची प्रत मिळाल्यापासून फाशीच्या तारखेपर्यंत १५ पूर्ण दिवस मिळालेच पाहिजेत. नोटिशीविना निघालेले किंवा त्याहून कमी दिवस देणारे वॉरंट या एकाच मुद्द्यावर आव्हान देण्याजोगे आहे.

नकारानंतर

राष्ट्रपतींचा आदेश केंद्राने ४८ तासांत राज्याच्या गृह खात्याला आणि अधीक्षकांना कळवायचा असतो. तो कैद्याला लेखी मिळाला पाहिजे आणि कुटुंबाला शेवटच्या भेटीची वेळ मिळाली पाहिजे. महाराष्ट्रात फाशीची व्यवस्था येरवडा आणि नागपूर कारागृहांत आहे, त्यामुळे दूरच्या जिल्ह्यातल्या घरच्यांना हा वेळ फार मोलाचा.

कलम ४७२ म्हणते की राष्ट्रपती-राज्यपालांच्या निर्णयावर न्यायालयात अपील नाही आणि चौकशीही नाही. हे वाचून अनेकांना वाटते की सगळी दारे बंद झाली. पण सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे अनुच्छेद ३२ आणि २२६ खालचे अधिकार घटनेने दिलेले आहेत, साध्या कायद्याने ते काढून घेता येत नाहीत. न्यायालय दयेच्या निर्णयाचा गुणदोष तपासत नाही. महत्त्वाचे कागद निर्णयापुढे ठेवलेच नाहीत, निर्णय द्वेषबुद्धीने झाला, अवाजवी विलंब झाला, कैदी मनोरुग्ण आहे, दयेचा अर्ज नाकारला जाण्याआधीच त्याला एकांतवासात ठेवले, असे मुद्दे मात्र तपासले जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात, जिथे राष्ट्रपतींनीही दया नाकारली होती, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा ठरवताना मनोज निकालातली पद्धत पाळली नाही म्हणून शिक्षेचा प्रश्न पुन्हा सुनावणीसाठी खुला केला.

याचिकेचा कणा म्हणजे तारखांचा तक्ता. डावीकडे तारीख, मध्ये कोणत्या कार्यालयातून कोणत्या कार्यालयात कागद गेला, उजवीकडे पुढची हालचाल होईपर्यंत गेलेले दिवस. कैद्याने स्वतः मुदतवाढ मागितलेले दिवस वेगळे दाखवावेत, लपवू नयेत, कारण सरकारी वकील ते दाखवणारच आणि मग बाकीच्या तक्त्यावरचाही विश्वास उडतो.

शिक्षा बदलली म्हणजे सुटका झाली असे होत नाही. पुण्याच्या दोघांच्या ३५ वर्षांत आधी भोगलेला काळ धरला आहे. अटक २००७ च्या अखेरीची, म्हणजे ही कैद २०४२ पर्यंत चालेल.